प्रकल्प नोंदी: अभ्यासिकेची केबल, सरळ रंगक्रम आणि टेस्टरचे आठ दिवे

शनिवार, ७ जून

परळच्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत. पोटमाळ्यावरच्या कपाटात आठ पोर्टचा गिगाबिट स्विच बसवला आहे आणि तिथून प्रत्येक टेबलापर्यंत केसिंग पट्टीतून इथरनेट केबल खाली आणली आहे. मध्ये भिंतीवर सॉकेट नाही; केबलच्या दोन्ही टोकांना थेट आरजे-४५ प्लग लावलेले आहेत. तक्रार फक्त खिडकीजवळच्या संगणकाची आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या स्कॅनचा चार जीबीचा फोल्डर बाकीच्या संगणकांवर मिनिटभराच्या आत उतरतो. या एकावर सहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

संगणक लिनक्सवर चालतो, त्यामुळे जोडणीचा वेग लगेच पाहता आला.

```
$ sudo ethtool enp2s0 | grep Speed
	Speed: 100Mb/s
```

शेजारच्या संगणकावर याच आज्ञेला `1000Mb/s` असे उत्तर मिळते. दोन्ही संगणक एकाच बनावटीचे आहेत. स्विचवरचा पोर्ट बदलून पाहिला, फरक पडला नाही. मग शेजारच्या टेबलाची केबल तात्पुरती या संगणकाला लावली, तेव्हा वेग लगेच १००० झाला. दोष केबलमध्येच आहे, एवढे निश्चित झाले.

यानंतर केबल दोन्हीकडून सोडवून टेस्टर लावला. टेस्टरचा मुख्य भाग पोटमाळ्यावर आणि रिमोट भाग खिडकीपाशी ठेवला. दोन्हीकडे एक ते आठ दिवे ओळीने लागले; एकही वगळला गेला नाही, एकाचाही क्रम चुकला नाही. अभ्यासिकेचे कार्यवाह शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, दिवे तर सगळे लागले. म्हणजे केबल चांगली आहे ना?” त्यांचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि या कामाचा गाभाही तोच आहे. आठही दिवे क्रमाने लागूनसुद्धा केबल सदोष असू शकते. ती कशी, हे उद्या प्लग उजेडात धरून पाहायचे आहे.

रविवार, ८ जून

प्लगचे प्लास्टिक पारदर्शक असते, त्यामुळे कापण्याआधी आतले रंग वाचता येतात. वाचण्याची रीत ठरलेली असावी: खटक्याची जीभ खालच्या बाजूला, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल आपल्याकडे. असा प्लग धरला की डावीकडून पहिली पिन सुरू होते. खिडकीजवळच्या टोकाला डावीकडून असे रंग दिसले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पोटमाळ्यावरच्या टोकालाही हाच क्रम आहे. केबल आधीच्या कुणा कंत्राटदाराने टाकलेली आहे. रंगीत वायर आणि तिची पांढरी जोडीदार शेजारी शेजारी ठेवली, तर दिसायला सगळे नीटनेटके वाटते आणि हात आपोआप तसेच रंग लावतो, म्हणून हा दोष बऱ्याच ठिकाणी सापडतो.

योग्य क्रम, ज्याला टी-५६८-बी म्हणतात, तो असा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही क्रमांत पहिल्या तीन, पाचवी आणि शेवटच्या दोन जागा सारख्याच आहेत. फरक फक्त चौथ्या आणि सहाव्या जागेत आहे. हिरवी वायर चौथ्या जागी न बसता सहाव्या जागी जाते आणि निळी जोडी चौथ्या व पाचव्या जागी येते.

हा क्रम असा का, हे कळले की तो पाठ करावा लागत नाही. १००० च्या वेगाला चारही जोड्या लागतात आणि यंत्राच्या दृष्टीने त्या जोड्या पिनांवरून ठरलेल्या असतात: १ आणि २, ३ आणि ६, ४ आणि ५, ७ आणि ८. मधली ४-५ ही जागा टेलिफोनच्या जुन्या जोडणीतून आली आहे. टेलिफोनची पहिली लाइन प्लगच्या बरोबर मध्यावर असायची. तो मध्य राखून ठेवल्यामुळे दुसऱ्या जोडीला त्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे ३ आणि ६ वर, जावे लागले. म्हणून हिरव्या जोडीच्या दोन वायरींमध्ये निळी जोडी येते.

आता चुकीच्या क्रमात काय होते ते पाहू. तिसऱ्या पिनवर पांढरी-हिरवी आहे आणि सहाव्या पिनवर निळी. यंत्र या दोघींना एक जोडी समजते. केबलच्या आत मात्र पांढरी-हिरवीला पीळ हिरवीबरोबर आहे आणि निळीला पांढऱ्या-निळीबरोबर. त्याचप्रमाणे ४-५ या जोडीत हिरवी आणि पांढरी-निळी अशा दोन परक्या वायरी आल्या आहेत. पीळ नुसता वायरी एकत्र बांधण्यासाठी दिलेला नसतो. जोडीच्या दोन वायरींतून एकच संकेत एकमेकांच्या उलट दाबाने जातो आणि पलीकडचे यंत्र त्या दोघींतला फरक तेवढा वाचते. बाहेरून आलेला गोंगाट दोघींवर सारखाच पडला, तर वजाबाकीत तो नाहीसा होतो. तो सारखा पडावा, यासाठी दोन्ही वायरींना आळीपाळीने आत-बाहेर फिरवावे लागते आणि ते काम पीळ करतो. शिवाय चार जोड्यांचे पीळ वेगवेगळ्या अंतराने दिलेले असतात, त्यामुळे शेजारच्या जोड्याही एकमेकींत फारशा मिसळत नाहीत. जोडी फुटली की हे सगळे संरक्षण नाहीसे होते. उलट, हिरव्या पिळात आता दोन वेगवेगळ्या संकेतांच्या वायरी एकमेकींना बिलगून २४ मीटर धावतात आणि एकीचा संकेत दुसरीत उतरतो.

मग १०० चा वेग तरी कसा मिळतो? कारण १०० ला फक्त १-२ आणि ३-६ या दोन जोड्या लागतात. ४-५ या जोडीवर तेव्हा कोणताच संकेत नसतो, त्यामुळे तिसऱ्या आणि सहाव्या पिनच्या वायरींना बिलगलेल्या वायरी गप्प असतात आणि एवढ्या अंतरावर काम कसेबसे भागते. १००० च्या वेगात चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी संकेत धावतात; तिथे ३-६ आणि ४-५ एकमेकींना बोलूच देत नाहीत. केबल लावल्यावर स्विचचा दिवा काही वेळा लागून विझताना दिसतो आणि मग १०० वर स्थिर होतो, त्याचे कारण हेच आहे. दोन्ही यंत्रे आधी १००० ठरवतात, ते जमत नाही असे पाहतात आणि खाली उतरतात. ही खाली उतरण्याची सोय प्रत्येक यंत्रात नसते. नसली, तर जोडणी सतत तुटत आणि जुळत राहते.

टेस्टरला यातले काहीच दिसत नाही. तो एका वेळी एका वायरीवर बॅटरीचा साधा दाब देतो आणि ती वायर पलीकडे त्याच क्रमांकावर निघते का, एवढेच दाखवतो. परतीचा प्रवाह उरलेल्या वायरींतून येतो. कोणती वायर कोणाबरोबर पिळलेली आहे, हा प्रश्न त्या मांडणीत येतच नाही. दोन्ही टोकांना सारखीच चूक असेल, तर तिसरी वायर तिसऱ्यावर आणि चौथी चौथ्यावर निघणारच.

कार्यवाहांना हे मान्य झाले, पण त्यांना डोळ्यांनी दिसेल असा पुरावा हवा होता. माझ्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजण्याची सोय आहे, ती इथे कामी आली. एकत्र पिळलेल्या दोन वायरींमध्ये दर मीटरला साधारण ५० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असतो; २४ मीटरला म्हणजे सुमारे १.२ नॅनोफॅरॅड. केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवून बारीक टोकाचे प्रोब प्लगच्या पट्ट्यांवर टेकवले. १ आणि २ यांच्यात १.२ च्या आसपास आकडा आला. ३ आणि ६ यांच्यात तो स्पष्टपणे कमी आला. ३ आणि ४ यांच्यात, जिथे यंत्राच्या हिशेबाने जोडीच नाही, तिथे पुन्हा १.२ आला. पांढरी-हिरवी खरी कोणाबरोबर पिळलेली आहे, ते मीटरने असे थेट सांगितले. महागडे तपासणी यंत्र भाड्याने आणणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी ही रीत जरूर वापरावी.

निर्णय असा झाला: केबल पट्टीतून काढायची नाही. दोन्ही टोकांचे प्लग कापून योग्य क्रमाने नवे लावायचे. दोन्ही टोकांना टेबलाखाली आणि कपाटात हातभर जादा केबल सोडलेली आहे, त्यामुळे लांबी कमी पडणार नाही.

बुधवार, ११ जून

लॅमिंग्टन रोडवर जाऊन प्लग आणि मागचे रबरी बूट आणले. प्लग घेताना विचारायची गोष्ट एकच आहे: तो आत एकसंध तांब्याची तार असलेल्या केबलसाठी आहे की बारीक तारांची जुडी असलेल्या. भिंतीतून टाकलेल्या केबलमध्ये एकसंध तार असते. बारीक तारांसाठी बनवलेल्या प्लगच्या पट्टीचे दात तारांच्या मधोमध घुसतात. एकसंध तारेवर ते घसरतात किंवा नुसते टेकतात आणि काही महिन्यांनी संपर्क सुटतो. एकसंध तारेच्या पट्टीला तीन दात असतात, जे तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. प्लग डोळ्याजवळ आडवा धरला, तर हा फरक दिसतो. दोन्हींना चालतील असेही प्लग मिळतात. मी तसेच घेतले.

दुकानात थांबलोच होतो, म्हणून बरोबर नेलेला जुन्या केबलचा तुकडा आडवा कापून भिंगाखाली पाहिला. कापलेला भाग आतपर्यंत तांबूस आहे. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असती, तर मध्यभाग पांढुरका दिसला असता, आणि तशा केबलवर नवे प्लग लावण्याचे श्रम मी घेतले नसते, कारण ती तार दाबताना तुटते.

शनिवार, १४ जून

आज दोन्ही टोके केली. पहिले टोक पोटमाळ्यावर मी केले. दुसरे, खिडकीजवळचे, अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने केले. तो आयटीआयमध्ये शिकतो आणि त्याला हे काम हाताने करून पाहायचे होते. कृती जशी झाली तशी लिहून ठेवतो.

आधी बूट केबलवर ओवून मागे सरकवला. तो नंतर घालता येत नाही. मग जुना प्लग कापून टाकला. क्रिम्परच्या सोलण्याच्या पात्यात केबल धरून एकच हलका वेढा दिला आणि बाहेरचे आवरण साधारण तीन सेंटीमीटर मोकळे केले. पाते आवरणातून पूर्ण आरपार जाऊ द्यायचे नाही. जखम झालेल्या जागी केबल वाकवली की आवरण आपोआप तुटते. आवरण ओढून काढल्यावर आठही वायरी बुडाशी, जिथे पाते फिरले तिथे, एक एक करून वाकवून पाहिल्या. रंगीत आवरणाला चीर गेलेली असेल, तर तिथे तांबे चमकते. तसे दिसले, तर ते टोक कापून पुन्हा सुरुवात करायची, कारण ती वायर आज चालेल आणि कपाटात कुणी केबल ओढली की तुटेल.

जोड्या चार दिशांना वेगळ्या केल्या. त्यानंतरच पीळ सोडवला, तोही टोकाकडून आवरणाच्या दिशेने आणि लागेल तेवढाच. प्लगच्या आत वायरी सरळ असाव्या लागतात, पण पीळ सुटलेला भाग १३ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, ही कॅट-५-ई केबलची मर्यादा आहे. तीन सेंटीमीटर सोलले ते हाताला पकड मिळावी म्हणून; त्यातला बराचसा भाग पुढे कापून टाकायचा असतो. विद्यार्थ्याने विचारले, “दादा, मग आधीच दीड सेंटीमीटर का सोलत नाही?” तेवढ्याशा लांबीत आठ वायरी बोटांत धरून क्रमाने लावता येत नाहीत. करून पाहिल्यावर त्यालाही ते पटले.

प्रत्येक वायर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दोन-तीन वेळा ओढत सरळ केली. मग डावीकडून क्रम लावला: नारिंगी जोडी, पांढरी आधी, पांढरी-हिरवी, निळी जोडी, इथे मात्र निळी आधी आणि पांढरी नंतर, मग हिरवी, शेवटी तपकिरी जोडी, पांढरी आधी. क्रम तपासायची माझी खूण अशी आहे की डावीकडून पाहिले असता एक सोडून एक वायर पांढऱ्या पट्ट्याची असते. पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी पांढरी दिसलीच पाहिजे. ही खूण अपुरी आहे, हेही त्याला दाखवले, कारण आपण कापलेल्या जुन्या प्लगमध्येही पांढऱ्या वायरी याच जागी होत्या. म्हणून दुसरी खूणही लागते: मध्यावर निळी जोडी आणि तिला कुंपण घातल्यासारखी दोन्ही बाजूंना हिरवी.

क्रम लागल्यावर आठही वायरी सपाट पट्टीसारख्या घट्ट दाबून धरल्या आणि क्रिम्परच्या पात्याने एका फटक्यात काटकोनात कापल्या. आवरणाच्या कडेपासून साधारण १२ मिलिमीटर वायर राहिली. तिरके कापले, तर एका बाजूच्या वायरी आखूड पडतात आणि पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाहीत. खटका खाली, पट्ट्या वर अशा स्थितीत प्लग धरून वायरी आत सरकवल्या. प्रत्येक वायरीला आत स्वतःची चर असते. थोडा जोर लावून, किंचित डावी-उजवीकडे हलवत त्या पार टोकापर्यंत ढकलल्या. पुढून पाहिले असता आठ तांबडे ठिपके भिंतीला टेकलेले दिसले पाहिजेत. ठिपका पुसट दिसत असेल, तर ती वायर मागे आहे.

दाबण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. रंगक्रम पुन्हा एकदा, या वेळी प्लास्टिकमधून, कारण आत जाताना शेजारच्या दोन वायरी चर बदलू शकतात. आणि बाहेरचे आवरण प्लगच्या आत, मागच्या पाचरीच्या पुढे गेले आहे ना, हेही. ती पाचर दाबल्यावर खाली येऊन आवरणाला चावते आणि केबलला बसणारा ओढा स्वतःवर घेते. आवरण बाहेर राहिले, तर पाचर नुसत्या पातळ वायरींवर बसते आणि ओढा थेट जोडांवर येतो. मुंबईत कार्यालयांमधले टेबलाखालचे प्लग मी बरेच उघडून पाहिले आहेत. त्यांत सर्वांत जास्त दिसणारी उणीव हीच आहे.

मग प्लग क्रिम्परच्या खाचेत पूर्ण सरकवून दांडे शेवटपर्यंत दाबले. माझ्या क्रिम्परला खटकन सुटणारी कळ आहे. दाब पूर्ण झाल्याशिवाय तो उघडत नाही. दाबण्याआधी सोनेरी पट्ट्या प्लास्टिकच्या कडांच्या वर उभ्या असतात. दाबल्यावर त्या आठही कडांच्या खाली, एकाच पातळीवर बसल्या पाहिजेत. प्लग उजेडाकडे आडवा धरून पाहिला की एखादी पट्टी वर राहिली असेल तर लगेच कळते.

क्रम आज सर्वत्र टी-५६८-बी ठेवला, कारण अभ्यासिकेतल्या बाकीच्या बहुतेक केबल त्याच क्रमाने आहेत. टी-५६८-ए मध्ये हिरवी आणि नारिंगी जोडी जागा बदलतात. दोन्ही टोकांना तो ठेवला, तरीही केबल तितकीच सरळ आणि तितकीच चांगली असते. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी केले की ती क्रॉस केबल होते. आजची बहुतेक यंत्रे ती ओळखून स्वतः जुळवून घेतात, पण पुढे तपासणाऱ्या माणसाचा त्यामुळे गोंधळ होतो.

रविवार, १५ जून

तपासणीचा दिवस. टेस्टर लावण्याआधी केबल स्विच आणि संगणक या दोन्हींतून सोडवली. चालू स्विचला टेस्टर कधीही जोडू नये. कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज देणारा स्विच असेल, तर त्याच्या पोर्टवर ५० व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो आणि टेस्टर त्यासाठी बनवलेला नसतो.

टेस्टरचे बटण सावकाश चालीवर ठेवले, म्हणजे प्रत्येक दिवा पाहायला वेळ मिळतो. मी मुख्य भागाकडचा आकडा मोठ्याने म्हणत होतो आणि विद्यार्थी खालून त्याच्याकडे लागलेल्या दिव्याचा आकडा सांगत होता. एक, एक. दोन, दोन. सातपर्यंत जुळले. आठ म्हटल्यावर खालून उत्तर आले, “दादा, आठवा लागला नाही.” मुख्य भागावरचा दिवा लागतो आणि रिमोटवरचा त्याच क्रमांकाचा लागत नाही, याचा अर्थ ती वायर कुठेतरी खंडित आहे. क्रमांक बदलून लागला असता, म्हणजे माझ्याकडे तीन आणि त्याच्याकडे सहा, तर एका टोकाचा क्रम चुकला असे समजायचे. इथे तसे नव्हते. आठवी वायर नुसती पोहोचत नव्हती.

दोष कोणत्या टोकाला आहे, हे टेस्टर सांगत नाही. दोन्ही प्लग उजेडात पाहिले. रंग दोन्हीकडे बरोबर होते आणि तपकिरी वायरीचा ठिपका दोन्हीकडे पुढच्या भिंतीला टेकलेला होता. खिडकीजवळच्या प्लगची आठवी पट्टी मात्र बाकीच्या सातांपेक्षा केसभर वर होती. प्लग क्रिम्परच्या खाचेत किंचित तिरका बसला असला की कडेच्या पट्टीवर दाब कमी पडतो. अशा वेळी प्लग कापायची घाई करू नये. तोच प्लग पुन्हा सरळ बसवून एकदा पूर्ण दाबला. पट्टी बाकीच्यांच्या पातळीवर आली आणि पुढच्या फेरीत आठवा दिवा लागला. वायर आखूड असती, तर दुसऱ्यांदा दाबून काही उपयोग झाला नसता आणि प्लग टाकावाच लागला असता.

यानंतर दोन्ही टोकांशी केबल हलकेच वाकवत आणि फिरवत आणखी एक फेरी घेतली. अर्धवट संपर्क असेल, तर दिवा अशा वेळी लुकलुकतो. सगळे दिवे स्थिर राहिले.

विद्यार्थ्याने इथे एक चांगला प्रश्न विचारला: प्लग उलटा धरून, म्हणजे खटका वर ठेवून, वायरी घातल्या तर टेस्टर ते पकडेल का? एका टोकाला असे झाले, तर नक्की पकडेल. मुख्य भागावर एक ते आठ आणि रिमोटवर आठ ते एक असे दिवे धावतील. दोन्ही टोकांना झाले, तर टेस्टर पकडणार नाही, पण तेव्हा केबल चालेलसुद्धा. क्रम उलटा केला, तर १-२ वर तपकिरी जोडी येते, ३-६ वर हिरवीच राहते, ४-५ वर निळीच राहते आणि ७-८ वर नारिंगी येते. चारही जोड्या अखंड राहतात. यंत्राला रंग दिसत नाहीत. त्याला जोडी अखंड हवी असते. तरीही असे करून ठेवू नये, कारण उद्या दुसरा माणूस एक टोक कापून ठरलेल्या क्रमाने नवा प्लग लावेल आणि केबल बंद पडेल.

दिवे लागले म्हणून तपासणी संपली नाही. मल्टिमीटरने पुन्हा कपॅसिटन्स मोजला. आता ३ आणि ६ यांच्यात १.२ च्या आसपास आकडा आला आणि ३ आणि ४ यांच्यात तो खाली उतरला. गेल्या रविवारच्या बरोबर उलट. १-२, ४-५ आणि ७-८ या जोड्यांचे आकडेही १.२ च्या जवळपासच आहेत.

केबल जागी लावली. या वेळी स्विचचा दिवा मध्ये न विझता एकदाच लागला.

```
$ sudo ethtool enp2s0 | grep Speed
	Speed: 1000Mb/s
```

चार जीबीचा तोच फोल्डर आता मिनिटभराच्या आत उतरला. उतरवण्याच्या आधी आणि नंतर `ip -s link show enp2s0` चालवून RX ओळीतला `errors` हा आकडा पाहिला. तो शून्यच राहिला. वेग १००० दिसणे पुरेसे नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. आखूड केबलमध्ये जोडी फुटलेली असूनही १००० जुळू शकते आणि दोष फक्त चुकलेल्या पॅकेटांच्या वाढत्या आकड्यात दिसतो. म्हणून मोठी फाइल पाठवून तो आकडा पाहावाच.

शनिवार, २१ जून

आठवडाभर पाऊस आहे आणि खिडकी बहुतेक वेळ उघडी असते. `errors` अजून शून्य आहे आणि वेग १००० वर कायम आहे. दमट हवेत न दाबलेली किंवा अर्धवट दाबलेली पट्टी लवकर काळवंडते, म्हणून खिडकीजवळचा प्लग काढून पुन्हा पाहिला. पट्ट्या स्वच्छ आहेत आणि बूट खटक्यावर नीट बसला आहे.

उरलेल्या सहा केबल आज टेस्टर न लावता आधी नुसत्या डोळ्यांनी तपासल्या. प्रत्येक प्लग खटका खाली धरून मधल्या चार जागांचे रंग वाचले: पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा. पाच केबल योग्य आहेत. सहावी, जी दाराजवळच्या प्रिंटरला जाते, तिच्यात दोन्ही टोकांना पुन्हा तोच जोडी फोडणारा क्रम आहे. प्रिंटर १०० च्या वेगाचाच असल्यामुळे आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते. कार्यवाहांना सांगितले, तिचेही प्लग पुढच्या शनिवारी बदलायचे ठरले. दुरुस्त केलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून तिच्यावर केबलचा क्रमांक, “टी-५६८-बी, दोन्ही टोके” आणि तपासणीची तारीख लिहिली आहे.